साहेबांना पाठवायच्या विनंतीतलं 'सॉरी सॉरी' कमी कसं करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉरी म्हटलं तर बिघडतं काय? नम्रपणाच आहे ना तो?

एकदा म्हटलं तर काहीच बिघडत नाही. पण चार-पाचदा म्हटलं की काय होतं ते बघा. तुम्ही सुरुवात करता 'सर माफ करा, तुम्ही बिझी असाल, त्रास देतेय' आणि खरी मंजुरी मागता खाली कुठेतरी सहाव्या ओळीत. साहेब गाडीत बसलेत, फोनवर वाचतायत, वरवर नजर टाकली तर समोर काय तर एक माणूस घाबरलाय, मग ते भल्या मनाने टाकतात 'अरे इट्स ओके, नो प्रॉब्लेम' आणि त्यांच्या दृष्टीने त्या मेलला उत्तर देऊन झालं. तुमच्या माफीला उत्तर मिळालं, मागणी तशीच राहिली. आणि आता परत विचारायचं म्हणजे आणखी एक सॉरी.

आपल्या बाबतीत हे होतंय का ते ओळखायची सोपी खूण हीच आहे. मागच्या काही मेलला आलेली उत्तरं काढून बघा. 'काही हरकत नाही', 'बघू', 'नो इश्यू' असलं येत असेल आणि हो किंवा नाही येत नसेल, तर साहेब तुमच्या मागणीपर्यंत पोचतच नाहीयेत.

दुसरं म्हणजे फोनच्या नोटिफिकेशनमध्ये मेलचा विषय आणि पहिली एखादी ओळ दिसते. तेवढी जागा 'आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल' यातच संपली तर उघडायच्या आधी त्यांना कळणार काय?

एक खरा वाटेल असा मेल घेऊन दाखवाल का?

घेऊ. समजा सावद्याला केळीचं पॅकहाउस आहे, तिथे एक ताई कोल्ड रूम सुपरवायझर आहे आणि जनरल मॅनेजर मुंबईला बसतात. एप्रिलचा पहिला आठवडा आहे. कोल्ड रूमच्या दाराला जे प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचे पडदे असतात ते फाटलेत, बदलायला पैसे मंजूर करून घ्यायचेत. ताईंचा पहिला ड्राफ्ट असा:

> विषय: माफी असावी, एक छोटीशी विनंती
>
> आदरणीय सर, सर्वप्रथम आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व. सीझनमध्ये आपण किती बिझी असता हे मला माहीत आहे आणि अशा वेळी छोट्या गोष्टीसाठी मेल करणं बरोबर नाही, पण नाइलाज आहे. लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफ करा. आपल्या कोल्ड रूमच्या दाराचे पडदे थोडे खराब झाले आहेत, म्हणजे तसं काम चालू आहे, पण जमलं तर बदलता आले असते तर बरं झालं असतं. साधारण वीस-बावीस हजार खर्च येईल, जास्त वाटत असेल तर राहू द्या. टेम्परेचर रेकॉर्डचा फोटो नीट आला नाही त्याबद्दल सॉरी. हा प्रस्ताव मार्चमध्येच द्यायला हवा होता, राहून गेला, त्याबद्दल खरंच माफी मागते. काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

वाचताना तुम्हालाही ओळखीचं वाटलं असेल. असे मेल मी ऑफिसात खूप वाचलेत, कारण लोक पाठवायच्या आधी माझ्याकडे बघायला देतात, आणि गंमत म्हणजे हीच माणसं फोनवर ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलताना अशी ठणकावून बोलतात की बस.

यातली कुठली माफी काढायची आणि कुठली ठेवायची, ठरवायचं कसं?

प्रत्येक माफीपुढे थांबून एकच विचारायचं, मी नेमकं काय बिघडवलं? उत्तरात एखादी घडलेली गोष्ट आली, म्हणजे उशीर झाला, आकडा चुकला, फाइल हरवली, तर ती माफी खरी. उत्तरात 'मी मेल केला', 'मी विचारलं', 'मी ज्युनिअर आहे' असलं आलं तर ती काढायची, कारण मेल करणं हे तुमचं कामच आहे आणि मंजुरी देणं हे त्यांचं.

आता ताईंच्या ड्राफ्टला लावा. वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व, यात बिघडवलं काय? काही नाही, जाऊ दे. लहान तोंडी मोठा घास? पडद्याची मागणी सुपरवायझरने नाही करायची तर कोणी करायची, वॉचमनने? जाऊ दे. शेवटचं 'सांभाळून घ्या' तर कशाबद्दल आहे तेच कळत नाही.

फोटोचं प्रकरण वेगळं आहे. फोटो खरंच नीट आलेला नाही, पण मेल अजून गेलेला नाही ना? मग माफी कशाला, उठा आणि दुसरा फोटो काढा. पाठवायच्या आधी जे दुरुस्त होतं त्याबद्दल माफी मागणं म्हणजे अर्धवट काम पुढे ढकलणं, आणि साहेब ते बरोबर हेरतात. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच प्रकारच्या सॉरीने होतं.

उरली एकच, मार्चमध्ये द्यायचा प्रस्ताव राहून गेला. ही खरी आहे, त्यात ताईंचा उशीर आहे आणि त्या उशिरामुळे साहेबांना घाईत निर्णय घ्यावा लागतोय. ती ठेवायची.

माफ्या काढल्या की मेल अगदी दोन ओळींचा उरतो, मग काय लिहायचं?

हाच तर खरा मुद्दा आहे. माफ्या काढल्यावर मेल रिकामा दिसतो कारण तो आधीपासूनच रिकामा होता, माफ्यांनी फक्त भरल्यासारखा वाटत होता. नीट बघा, माफीची सवय फक्त सुरुवातीला 'क्षमस्व' लिहून थांबत नाही, ती माहितीलाही लहान करते. पडदे निम्मे फाटलेत, लिहिलं काय तर 'थोडे खराब'. दुपारी लोडिंग चालू असताना खोली गरम होते, लिहिलं काय तर 'तसं काम चालू आहे'. कोटेशन हातात आहे, लिहिलं काय तर 'साधारण वीस-बावीस हजार'. आता तुम्हीच सांगा, थोड्या खराब पडद्यासाठी, काम चालू असताना, साधारण वीस-बावीस हजार कोण मंजूर करेल?

म्हणून पुसलेल्या जागी मऊ शब्द भरायचे नाहीत, माहिती भरायची. वरच्या माणसाला लागतं ते एवढंच: कशावर निर्णय हवा, किती पैसे, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर काय होईल. केळी साधारण 13-14 डिग्रीला ठेवतात, त्याच्या बरीच खाली गेली तर साल काळपट पडते आणि वर गेली तर पिकायला लागते, हे साहेबांना माहीत असतं. पण पडदा फाटल्यावर आपल्या खोलीत दुपारी दोन वाजता काटा कुठे जातो हे फक्त ताईंना माहीत आहे. तेच लिहायचं. सुधारलेला मेल असा होतो:

> विषय: कोल्ड रूमच्या 2 दारांचे पडदे, रु. 21,600 ची मंजुरी, 10 एप्रिलपर्यंत
>
> सर, नमस्कार.
>
> सावद्याच्या दोन्ही कोल्ड रूमच्या दारांचे पट्ट्यांचे पडदे बदलण्यासाठी रु. 21,600 ची मंजुरी हवी आहे. 10 एप्रिलपर्यंत कळवाल का?
>
> दोन्ही दारांवरच्या निम्म्या पट्ट्या फाटल्या आहेत. दुपारी लोडिंग चालू असताना खोलीतली हवा साडेतेरा डिग्रीवरून सतरापर्यंत चढते आणि परत खाली यायला सव्वा तास लागतो. मागच्या आठवड्याचं रेकॉर्ड आणि पट्ट्यांचे फोटो जोडले आहेत. मे महिन्यात बाहेर 44-45 डिग्री असताना हे आणखी वाढेल.
>
> कोटेशनचा दर 10 तारखेपर्यंतच आहे आणि नंतर आखाजीच्या आठवड्यात फिटर मिळत नाही. दोन्ही एकदम शक्य नसेल तर आधी 1 नंबरच्या रूमचं करता येईल, त्याचे रु. 10,800 होतात.
>
> हा प्रस्ताव मार्चमध्ये यायला हवा होता. उशीर माझ्याकडून झाला, त्याबद्दल दिलगीर आहे. 10 तारखेपर्यंत मंजुरी मिळाली तर काम मे सुरू व्हायच्या आत पूर्ण होईल.

'जास्त वाटत असेल तर राहू द्या' याचं काय झालं ते बघितलं का? ती ओळ म्हणजे साहेबांना नाही म्हणायची आयती सोय होती. भाव मात्र बरोबर होता, की पैशाची अडचण असू शकते. म्हणून तिच्या जागी खरा पर्याय आला, अर्धं काम अर्ध्या पैशात. आता साहेबांकडे दोन रस्ते आहेत आणि दोन्हीत पडदा बदलतोच.

खरी माफी मग सुरुवातीला का नाही? शेवटी का टाकली?

कारण सुरुवातीला टाकली की अख्खा मेल उशिराबद्दलचा वाटतो. आधी मागणी आणि कारण, मग एका वाक्यात कबुली, आणि लगेच पुढच्या वाक्यात त्या उशिराचा आता काय परिणाम आहे ते. हे पुढचं वाक्य विसरू नका, कारण साहेबांना तुमच्या वाईट वाटण्यापेक्षा काम वेळेत होतंय की नाही यात जास्त रस असतो. 'आई आजारी होती, मग ऑडिट आलं, मग नेट नव्हतं' असली कारणांची माळ लावायची नाही. विचारलं तर सांगा.

एक अपवाद आहे. तुमच्या चुकीमुळे साहेबांचंच काही नुकसान झालं असेल, म्हणजे तुमचा चुकीचा आकडा घेऊन ते मीटिंगमध्ये बोलून आले असतील, तर माफी पहिल्या ओळीत आणि त्या मेलमध्ये दुसरी कुठलीही मागणी नाही. मागणी दुसऱ्या दिवशी वेगळ्या मेलने.

पण माफ्या काढल्यावर उद्धट वाटतं हो, जणू ऑर्डर सोडतोय

वाटू शकतं, आणि कधीकधी खरंच तसं होतं. लोक माफ्या खोडतात आणि खाली उरतं 'रु. 21,600 मंजूर करा. 10 तारखेपर्यंत कळवा.' हे साहेबांना कोणी लिहीत नाही. पण त्यावर उपाय परत सॉरी घालणं नाही, क्रियापद बदलणं आहे. 'कळवा'चं 'कळवाल का', 'मंजूर करा'चं 'मंजुरी हवी आहे' किंवा जरा जुन्या वळणाचे साहेब असतील तर 'मंजुरी द्यावी ही विनंती'. आदर तिथेच पूर्ण होतो. 'सर', 'नमस्कार', 'आपण' हे सगळं ठेवा, त्याने मागणी कमजोर होत नाही.

'कृपया' एकदा चालतं. प्रत्येक वाक्यात कृपया आलं की मग ते बसस्टँडवरच्या अनाउन्समेंटसारखं वाटायला लागतं.

आणि आपल्याकडचे लोक म्हणतात की खान्देशातला माणूस साधा, आपल्याला ते पुण्या-मुंबईसारखं लिहिता येत नाही, म्हणून माफी मागून घेतो. अरे भो, उलट आपण बोलतो किती सरळ! भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर चहावाल्याला विचारताना कोणी क्षमस्व म्हणत नाही. बोलताना जसं सरळ विचारता तसं आधी लिहून काढा, अहिराणी आली तरी येऊ द्या, मग फक्त भाषा नीट करा. 'सर, पडदे फाटलेत, खोली तापते, बदलायला पैसे लागतील, दहा तारखेच्या आत सांगा' हे मनात आलेलं वाक्यच पूर्ण मेल आहे.

माझ्या मॅनेजरच्या वरच्या साहेबांना मेल करायचाय, तिथे तर माफी लागेलच ना?

इथे लोक माफी मागतात कारण आतून भीती असते की आपल्या मॅनेजरला डावललं असं दिसेल. भीती खरी आहे, पण 'डायरेक्ट मेल करतेय, माफ करा' असं लिहिल्याने ती जात नाही, उलट साहेबांचं लक्ष तिकडे जातं की अच्छा, म्हणजे मॅनेजरला माहीत नाही वाटतं. त्यापेक्षा आधी मॅनेजरशी बोला आणि मेलमध्ये एक ओळ टाका, 'प्लांट मॅनेजर सरांशी 2 तारखेला बोलणं झालं आहे, रक्कम त्यांच्या अधिकाराबाहेर असल्याने आपल्याकडे पाठवत आहे' आणि त्यांना सीसीमध्ये ठेवा. एका ओळीत प्रश्नच मिटतो.

मॅनेजरशी बोलणं झालेलंच नसेल तर मेल थांबवा. त्या अडचणीवर भाषेत औषध नाही.

उत्तर आलं नाही, आठवण करायची आहे. 'पुन्हा त्रास देतेय सॉरी' सोडून काय लिहू?

आधीच्या मेलवरच रिप्लाय करा, नवीन मेल नको, म्हणजे त्यांना शोधावं लागत नाही. आणि आठवणीत काहीतरी नवीन असलं पाहिजे, नुसतं 'जेंटल रिमाइंडर' नको. उदाहरणार्थ, 'सर, पडद्यांच्या मंजुरीबद्दल. कोटेशन परवा 10 तारखेला संपतंय. नंतरचा दर व्हेंडर नव्याने देणार आहे. आज किंवा उद्या कळवाल का?' बस. आठवण करायचं कारण तारखेत आहे, तुमच्या चिकाटीत नाही, म्हणून माफीची गरजच पडत नाही.

मात्र तारीखच दिली नसेल आधीच्या मेलमध्ये, तर दुसऱ्या दिवशी आठवण करणं खरंच घाईचं वाटतं. म्हणून पहिल्या मेलमध्ये तारीख टाकायची, आणि ती खरी टाकायची. उगाच 'अर्जंट' लिहिलेलं एकदा पकडलं गेलं की पुढचं कोणी मनावर घेत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर काय? रात्री मेसेज टाकला तर सॉरी म्हणू की नको?

एकटा 'सॉरी सर डिस्टर्ब करतोय' असा मेसेज टाकून उत्तराची वाट बघत बसायचं नाही, हे सगळ्यात वाईट, कारण साहेबांना कळत नाही आग लागलीय की सुट्टी हवीय. सगळं एकाच मेसेजमध्ये टाका आणि सकाळचं काम असेल तर 'सकाळी बघितलं तरी चालेल' असं लिहा, याने माफीपेक्षा जास्त काळजी घेतली जाते. खरंच आग लागली असेल, म्हणजे कंप्रेसर बंद पडलाय आणि खोलीत माल भरलेला आहे, तर मेसेज नको, फोन करा आणि फोनवर पहिलं वाक्य 'कंप्रेसर बंद पडलाय' हेच.

सुट्टी मागताना?

थोडक्यात सांगते. कानबाईसाठी घरी जायचंय, रविवारी स्थापना, सोमवारी विसर्जन, म्हणजे सोमवारची रजा पाहिजे. 'ऐन कामात सुट्टी मागतेय, खूप सॉरी' याने साहेबांना काही कळत नाही. 'सोमवारची रजा हवी आहे. त्या दिवशीचं डिस्पॅच दुसऱ्या शिफ्टचे सुपरवायझर बघतील, त्यांच्याशी बोलले आहे' याने त्यांचा प्रश्न सुटतो. शिल्लक रजा ही तुमची आहे, ती घेण्याबद्दल माफी नसते.

मला सवय आहे की नाही हे कसं तपासू?

जीमेल असेल तर वरच्या सर्चमध्ये हे टाका:

```
in:sent सॉरी
in:sent क्षमस्व
in:sent sorry
```

पाठवलेल्या मेलमध्ये कुठे कुठे आलंय ते समोर येतं. त्यात बघा की सॉरी कोणाला जास्त जातंय. बऱ्याच जणांचं असं निघतं की बरोबरीच्या लोकांना एकही नाही आणि वरच्यांना मात्र ढिगाने, तेही चूक झालेली नसताना. 'जमलं तर', 'शक्य असेल तर', 'राहू द्या' हे पण शोधा, हे सॉरीचेच भाऊबंद आहेत, फक्त त्यांच्यावर नाव लिहिलेलं नसतं.

सगळं नीट लिहिलं तरी साहेब नाही म्हणाले तर? तेव्हा तरी 'सॉरी, उगाच विचारलं' म्हणू ना?

नका म्हणू. तसं म्हटलं की पडदे फाटलेत हीच गोष्ट तुम्ही मागे घेतली, आणि मे महिन्यात माल खराब झाला तर कागदावर असं दिसेल की तुम्हालाच ते महत्त्वाचं वाटत नव्हतं. समजा साहेबांनी लिहिलं, 'या महिन्यात बजेट नाही, जूनमध्ये बघू.' ताईंनी एवढंच लिहावं: 'ठीक आहे सर. तोपर्यंत फाटलेल्या पट्ट्या 2 नंबरच्या दारावर हलवून 1 नंबरचं दार चांगल्या पट्ट्यांनी पूर्ण करून घेते आणि दुपारचं लोडिंग शक्य तेवढं सकाळी सातला घेते. दोन्ही रूमचं टेम्परेचर रेकॉर्ड दर सोमवारी पाठवत राहीन. व्हेंडरकडून जूनचा दर मागवून ठेवते.'